दोन जोड्या, चार पर्याय: समान गुणोत्तराच्या विसंगतीचा संच (प्रकल्प नोंदी)

३ जून

दहा मिनिटांत कोणालाही दोन प्रश्न विचारता यावेत आणि त्याची उत्तरं अपेक्षित उपयोगितेच्या नियमात बसतात की नाही हे त्याच्यासमोरच दाखवता यावं, असा संच बनवायचा आहे. नियम असा: प्रत्येक रकमेचं समाधान, म्हणजे उपयोगिता, ती मिळण्याच्या शक्यतेने गुणायचं, बेरीज करायची आणि ज्याची बेरीज मोठी तो पर्याय घ्यायचा. प्रश्न नवे शोधायची गरज नाही. या जातीची कोडी फ्रेंच अर्थतज्ज्ञ मॉरिस अ‍ॅले यांनी १९५३ मध्ये मांडली. डॅनियल कानमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या १९७९ च्या लेखातले आकडे तोंडी हिशोबाला सोपे आहेत, म्हणून तेच घेतले.

पहिली जोडी:
अ: ३००० नक्की.
ब: ४००० मिळण्याची शक्यता ८० टक्के, नाहीतर शून्य.

दुसरी जोडी:
क: ३००० मिळण्याची शक्यता २५ टक्के, नाहीतर शून्य.
ड: ४००० मिळण्याची शक्यता २० टक्के, नाहीतर शून्य.

दुसरी जोडी पहिलीतूनच निघते. १०० आणि ८० या दोन्ही टक्केवारींना चारने भागलं की २५ आणि २० येतात. रकमा त्याच राहिल्या आणि शक्यतांचं गुणोत्तरही पाचास चार असंच राहिलं.

त्या लेखात ९५ जणांची उत्तरं आहेत. पहिल्या जोडीत ८० टक्के लोकांनी अ घेतला, दुसरीत ६५ टक्के लोकांनी ड. शंभरातले ८० एकीकडे आणि ६५ दुसरीकडे म्हटल्यावर बेरीज १४५ होते. म्हणजे निदान ४५ टक्के लोकांनी अ आणि ड हे दोन्ही घेतलेच असणार. सगळा संच त्या ‘अ आणि ड’साठी आहे.

५ जून

समजावून सांगायचा कागद तयार केला आणि फाडला. त्यावर सुरुवातीलाच सरासरी मूल्यं लिहिली होती: अ चं ३०००, ब चं ३२००, क चं ७५०, ड चं ८००. ज्यांना वाचायला दिला त्यांनी लगेच निष्कर्ष काढला की ब सोडून अ घेणं हीच चूक. तसं नाही. खात्रीच्या ३००० वर समाधान मानणारा माणूस कुठलाच नियम मोडत नाही. त्याच्या लेखी वरच्या हजाराची किंमत खालच्या हजारांपेक्षा कमी आहे, इतकंच.

नव्या कागदावर सरासरी ठेवलीच नाही. त्याऐवजी समजा एखाद्याला रकमेचं समाधान तिच्या वर्गमुळाइतकं मिळतं. ३००० चं वर्गमूळ ५४.७७, ४००० चं ६३.२५. मग अ ची उपयोगिता ५४.७७ आणि ब ची ६३.२५ चे ८० टक्के, म्हणजे ५०.६०. हा माणूस अ घेईल, आणि त्याचं बरोबरच आहे. आता दुसरी जोडी: क चे १३.६९, ड चे १२.६५. इथे त्याने क घ्यायला हवा.

वर्गमुळाऐवजी दुसरं कुठलंही माप घ्या, फक्त शून्य रकमेचं समाधान शून्य धरा. अ आवडला म्हणजे ३००० चं समाधान हे ४००० च्या समाधानाच्या ८० टक्क्यांहून जास्त. या वाक्याच्या दोन्ही बाजूंना चारने भागलं की क हा ड पेक्षा वरचढ ठरतो. भागाकाराने मोठं लहान होत नाही. म्हणून नियमात बसणाऱ्या जोड्या दोनच: अ बरोबर क, किंवा ब बरोबर ड. धास्तावलेला माणूस पहिली घेईल, धाडसी दुसरी. धास्तावलेपणा किंवा धाडस यांपैकी कशानेही अ आणि ड एकत्र येत नाहीत.

कागदावर शेवटी एवढंच राहिलं. बरं झालं.

९ जून

टक्केवारी वाचून लोक गोंधळतात म्हणून चिठ्ठ्या केल्या. वीस चिठ्ठ्या सोयीच्या, कारण सगळ्या शक्यता पूर्ण संख्येत बसतात: ८० टक्के म्हणजे वीसात सोळा, २५ म्हणजे पाच, २० म्हणजे चार. कष्ट वाचवायला एकच पिशवी ठेवली, १ ते २० आकडे घातले आणि तक्ता लावला: क मध्ये १ ते ५ निघाल्यास ३०००, ड मध्ये १ ते ४ निघाल्यास ४०००.

यात विसंगती जवळजवळ गायबच झाली. पहिल्या जोडीत अ घेणारे दुसरीत क घेऊ लागले. एकाने तक्त्यावर बोट ठेवून कारणही सांगितलं: “पाच नंबर निघाला तर मी हात चोळत बसणार. चार नंबरांवर हजार जास्त मिळतात, पण त्या एका नंबरावर सगळंच जातं.”

त्याचं बोट बरोबर ठिकाणी होतं. एकाच पिशवीत ६ ते २० या आकड्यांवर क आणि ड दोन्हींत शून्यच मिळतं, म्हणून नजर आपोआप पहिल्या पाच आकड्यांवर जाते. आणि त्या पाच आकड्यांपुरता तक्ता पाहिला तर ती हुबेहूब पहिली जोडी आहे: एकीकडे पाचही आकड्यांवर ३०००, दुसरीकडे चार आकड्यांवर ४००० आणि पाचव्यावर शून्य. प्रश्नाच्या मांडणीनेच उत्तर फोडलं होतं.

१० जून

चारही पर्यायांना वेगळं केलं. अ ला बंद पाकीट, बाकी तिघांना आपापली पिशवी, निळी चिठ्ठी म्हणजे रक्कम आणि पांढरी म्हणजे शून्य. ब मध्ये १६ निळ्या, क मध्ये ५, ड मध्ये ४. आकडे काढून टाकले.

आता क ची निळी आणि ड ची पांढरी एकाच वेळी निघण्याची शक्यता ०.२५ गुणिले ०.८०, म्हणजे २० टक्के आहे. एका पिशवीत ती फक्त ५ टक्के होती. अपेक्षित उपयोगितेच्या हिशोबात या फरकाला काडीची किंमत नाही. तिथे प्रत्येक पर्यायाची स्वतःची शक्यता पाहतात, दुसऱ्या पर्यायात त्या वेळी काय निघालं असतं हे पाहत नाहीत. माणसं मात्र पाहतात. म्हणून हा संच करणाऱ्याने पिशव्या वेगळ्या ठेवायच्या, आणि कोणी एकाच पिशवीने प्रयोग करून ‘आमच्याकडे असं काही दिसलं नाही’ म्हणाला तर आधी तक्ता मागायचा.

पिशव्या वेगळ्या केल्यावर ‘अ आणि ड’ परत दिसू लागले. “पंचवीस काय नि वीस काय, मिळायचं असेल तर मिळेल, मग चार हजारच का नको,” हे वाक्य थोड्याफार फरकाने बऱ्याच जणांकडून ऐकलं.

जुना एका पिशवीचा तक्ता फेकला नाही. उत्तरं लिहून झाल्यावर तो दाखवायला ठेवला आहे. विसंगती समजावताना भागाकारापेक्षा तो लवकर पटतो.

१४ जून

३००० आणि ४००० हे ‘गुण’ म्हणून दिले की अनेक जण सरळ सरासरी काढतात आणि ब व ड घेऊन मोकळे होतात. गुणांचं कोणाला काय? हरले तरी काही बिघडत नाही, मग खात्रीची ओढ येणार कुठून. मूळ प्रश्नांत इस्रायली पौंड होते आणि लेखातच नोंद आहे की तिथल्या कुटुंबाचं महिन्याचं मध्यक उत्पन्न तेव्हा साधारण ३००० पौंड होतं. म्हणजे अ पर्यायात अख्ख्या घराचं महिन्याचं उत्पन्न हातात येत होतं. आकडा उचलताना ही पातळी गळून पडते. आता प्रश्नाच्या वर एक ओळ घातली: ‘३००० म्हणजे तुमच्या घरात महिनाभरात येणारी रक्कम समजा.’ त्यानंतर लोक थांबून विचार करू लागले.

मग बक्षीस खरंच द्यावं का, असा प्रश्न आला. ठरलेली पद्धत अशी की दोन प्रश्नांतला एक चिठ्ठीने निवडायचा आणि त्याचंच बक्षीस द्यायचं. लहान रकमेवर हे जमलंही असतं. पण दोनांतला एक म्हटल्यावर प्रत्येक प्रश्नाची शक्यता अर्धी होते. सगळा खेळ एकत्र धरून विचार करणाऱ्याच्या लेखी पहिली जोडी ५० टक्क्यांनी ३००० विरुद्ध ४० टक्क्यांनी ४००० अशी होते, आणि अ मधली खात्रीच उडते. खात्रीवरच सगळं उभं आहे. लोक प्रत्यक्षात एवढा पुढचा विचार करतात असं नाही, बरेचदा प्रत्येक प्रश्न सुटा धरूनच उत्तर देतात. तरी दाखवण्याच्या संचात ही पाचर नको, म्हणून बक्षीस वगळलं. त्याची किंमत अशी की उत्तरं कल्पनेतली राहतात.

१७ जून

आजची भर सर्वांत आवडली. दुसरी जोडीच दोन टप्प्यांत मांडली. पहिल्या पिशवीत चार चिठ्ठ्या, तीन पांढऱ्या आणि एक निळी. पांढरी निघाली की खेळ खलास. निळी निघाली तर दुसरा टप्पा: एकतर ३००० नक्की, किंवा पाच चिठ्ठ्यांची पिशवी, ज्यात चार निळ्या आहेत आणि त्यांवर ४०००. दुसऱ्या टप्प्यात काय घेणार हे पहिली चिठ्ठी काढण्याआधीच सांगायचं.

३००० निवडले तर ते मिळण्याची एकूण शक्यता एकचतुर्थांश. पिशवी निवडली तर एकचतुर्थांश गुणिले चारपंचमांश, म्हणजे एकपंचमांश. हे आपले क आणि ड च आहेत. पण कानमन आणि ट्वर्स्की यांनी ही मांडणी १४१ जणांना विचारली तेव्हा ७८ टक्के लोकांनी ३००० घेतले, जवळजवळ पहिल्या जोडीइतकेच.

संचात या तिसऱ्या प्रश्नाचा उपयोग असा, की माणूस नेमका कुठल्या पायरीवर सटकतो ते दिसतं. पहिली जोडी आणि दोन टप्प्यांचा खेळ यांत बहुतेकांचं उत्तर एकच येतं. सगळ्यांनाच लागू होणारी पहिली चाळणी ते मनात बाजूला ठेवतात. फरक पडतो तो दोन टप्प्यांचा गुणाकार करून एकच टक्केवारी समोर ठेवल्यावर. अंतिम शक्यता त्याच, तरी उत्तर बदलतं. म्हणजे ‘लोकांना खात्री आवडते’ एवढ्यावर थांबता येत नाही. दोन टप्प्यांच्या खेळातही खरी खात्री कुठे आहे? ती चाळणी पार केल्यावरची आहे, आणि लोक ती असल्यासारखीच धरतात.

एक अडचण आली. काही जण चाळणीची चिठ्ठी काढल्यावर निर्णय बदलू मागतात. तो वेगळाच प्रश्न आहे, त्यात शिरलो नाही. उत्तर आधी लिहून घ्यायचं आणि कागद उलटा ठेवायचा.

२२ जून

आकडेमोडीत मुरलेल्या एका सहकाऱ्याने संच पाहून खोडा घातला. म्हणणं असं: “माणूस नियमाने चालणाराच असेल, पण त्याचा हात थोडा डळमळत असेल तर? दोन पर्याय जवळजवळ सारखे असले की डळमळ जास्त. तुझ्या दुसऱ्या जोडीत फरक कमी आहे, म्हणून उत्तरं विखुरतात. विसंगती आहे हे तू कशावरून म्हणतोस?”

हरकत पोकळ नाही. ५ जूनच्या कागदावर अ आणि ब मधला फरक ४.१७ आहे, क आणि ड मधला १.०४. बरोबर चौथा हिस्सा. सगळे लोक एकाच आवडीचे आणि नियमाने चालणारे आहेत, पण उत्तर देताना डळमळतात, असं धरून हिशोब केला. पहिल्या जोडीत ८० टक्के वेळा अ येतो. डळमळीचं नेहमीचं लॉजिस्टिक रूप घेतलं, म्हणजे फरक शून्य असला तर उत्तर पन्नास-पन्नास आणि फरक वाढेल तसं ते पक्कं, आणि दुसऱ्या जोडीत फरक चौथा हिस्सा केला.

```python
from math import log, exp
q1 = 0.80
d = log(q1 / (1 - q1))
q2 = 1 / (1 + exp(-d / 4))
print(q2, q1 * (1 - q2), (1 - q1) * q2)
```

उत्तर: क ५८.६ टक्के, ‘अ आणि ड’ ३३.१ टक्के, ‘ब आणि क’ ११.७ टक्के. म्हणजे एकही माणूस मनातून नियम मोडत नसताना तीनातला एक ‘अ आणि ड’ लिहून जातो, आणि उलट्या विसंगतीपेक्षा ही जवळपास तिप्पट दिसते. ‘अ आणि ड वाले जास्त, ब आणि क वाले कमी, म्हणून नियम मोडला’ हा माझ्या कागदावरचा युक्तिवाद तेवढ्याने टिकत नाही. (डळमळ फरकावर अवलंबून नसेल, सगळीकडे सारखीच हात घसरण्याची शक्यता असेल, तर मात्र दोन्ही विसंगती सारख्याच दिसायला हव्यात. पण तसंच आहे असं गृहीत धरायला आधार काय?)

संध्याकाळ यातच गेली, पण शेवटी आधार सापडला. या डळमळीने माणूस पन्नास टक्क्यांकडे सरकतो, पन्नास ओलांडून पलीकडे जात नाही. मूळ लेखात क घेणारे ३५ टक्के आहेत. वेगवेगळ्या आवडीची माणसं मिसळली तरी? तेही तपासलं. लॉजिस्टिक डळमळीत कुठल्याही एका प्रकारच्या माणसाची क घेण्याची शक्यता त्याच्या अ घेण्याच्या शक्यतेच्या ७० टक्क्यांखाली जात नाही. सर्वांत खालची जागा अ साठी ९१ टक्क्यांच्या आसपास येते. मग मिश्रण कसंही केलं तरी अ ८० टक्के असताना क निदान ५६ टक्के हवा. ३५ आणि ५६ मधली दरी या डळमळीच्या खात्यावर टाकता येत नाही.

सहकाऱ्याला हे पटलं, पण त्याने ताकीद दिली ती कागदावर लिहून ठेवली आहे: माझ्या संचातून क ५५ किंवा ६० टक्के आला तर विसंगती सिद्ध झाली असं म्हणायचं नाही.

२४ जून

मोजक्या माणसांवर टक्केवारी तशीही भरवशाची नसते. म्हणून एकेका माणसाची डळमळ मोजायची सोय केली. चारही पर्यायांचे प्रश्न पुन्हा विचारायचे, डावीउजवीकडची जागा बदलून, मध्ये दोन टप्प्यांचा खेळ घालून. लगेच मागोमाग विचारले तर माणूस आपलं आधीचं उत्तर आठवून लिहितो, हे पहिल्याच फेरीत कळलं.

वाचायचं असं. वरच्या हिशोबातला डळमळता माणूस पहिल्या जोडीत स्वतःचंच उत्तर ३२ टक्के वेळा बदलेल, आणि दुसऱ्या जोडीत ४९ टक्के वेळा, म्हणजे जवळजवळ नाणेफेक. दुसऱ्या जोडीत लोक इतके उलटेपालटे होत असतील तर दोष डळमळीचा धरायचा. दोन्ही वेळा ठामपणे ड लिहिणारे आणि दोन्ही वेळा ठामपणे अ लिहिणारे तेच तेच लोक असतील तर तसं म्हणता येत नाही. डळमळीतून ‘अ, ड, अ, ड’ हा क्रम शंभरात अकरा वेळाच येतो.

२८ जून

नव्या पानांची फेरी झाली. पहिल्याच गठ्ठ्यात ‘अ, ड, अ, क’ असं एक पान आलं. जुन्या पद्धतीने ते पहिल्या दोन उत्तरांवरून विसंगतीत गेलं असतं. आता ते ‘ठरलं नाही’च्या ढिगात आहे. ज्याचं पान ‘अ, ड, अ, ड’ आहे त्यालाच एका पिशवीचा जुना तक्ता दाखवून विचारलं, “आता बदलायचंय का?” काहींनी ड चा क केला. एक जण तक्ता नीट वाचून, पाचव्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, “कळलं मला. तरी ड च.”

तो ढीग वेगळा ठेवला आहे. दाखवण्यासाठी सर्वांत उपयोगाची पानं तीच, कारण तिथे गणित समजलं नाही असं म्हणायला जागा नाही. संच पुढे देताना सोबत जाणाऱ्या वस्तू: एक पाकीट, तीन पिशव्या, दोन टप्प्यांच्या खेळाच्या चार आणि पाच चिठ्ठ्यांच्या दोन लहान पिशव्या, उत्तरांची पानं, आणि सगळ्यात शेवटी उघडायचा तो तक्ता.